'नक्की', 'गॅरंटी' आणि शेवटचा 'च': सोलरच्या कोटेशनमध्ये काय लिहावं

बडोद्यात घरांच्या गच्चीवर सोलर बसवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मी कोटेशन लिहिते आणि ग्राहकांच्या व्हॉट्सअ‍ॅपला उत्तरं देते. मांजलपूरच्या एका काकांनी मार्चमध्ये मला विचारलं होतं, "ताई, बिल शून्य येईल ना?" मी दुपारी जेवताना एका हाताने उत्तर टाईप केलं: "हो काका, शून्यच येईल, नक्की. सबसिडीपण ३० दिवसांत जमा होईलच."

जूनच्या अखेरीस त्यांच्याकडे नेट मीटर लागला, म्हणजे घेतलेली आणि गच्चीवरून परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर. सप्टेंबरात काका ऑफिसात आले. एका हातात बिल होतं आणि दुसऱ्या हातात माझा तो मेसेज उघडलेला मोबाईल. जुलै आणि ऑगस्ट मिळून त्यांच्या घरात ८२० युनिट वापरले गेले होते आणि पॅनलनी दिले होते ५४५. उरलेल्या २७५ युनिटांचं बिल आलं होतं. सबसिडीही अडकली होती, कारण बँकेतलं नाव आणि वीजबिलावरचं नाव जुळत नव्हतं. संचात काहीच बिघाड नव्हता. पावसाळा होता आणि काकांनी एप्रिलमध्ये एसी घेतला होता. पण मेसेजमध्ये पावसाळाही नव्हता आणि एसीही नव्हता, फक्त 'शून्यच' आणि 'नक्की' होतं. मालकांनी त्या २७५ युनिटांचे पैसे ऑफिसातून दिले आणि मला सांगितलं, आपण ग्राहकाला जे जे लिहून देतो ते सगळं बाहेर काढ आणि नव्याने लिही.

ते काम मी कसं केलं ते इथे सांगते. उदाहरणं सोलरची आहेत, कारण मला तोच धंदा आतून माहीत आहे.

आधी वाक्यं गोळा करा

पहिल्या दिवशी मी एकही वाक्य बदललं नाही. कोटेशनचा नमुना, पत्रक, आणि गेल्या सहा महिन्यांत ग्राहकांना गेलेले मेसेज यांतून 'पुढे काय होईल' असं सांगणारं प्रत्येक वाक्य एका वहीत उतरवलं. मेसेज यात धरायचेच. कोटेशन आपण दोनदा वाचून पाठवतो, मेसेज एकदाही वाचत नाही, आणि ग्राहक जपून ठेवतो तो मेसेज. तो नुसता गप्पांचा भाग आहे असं समजू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १०अ प्रमाणे देवाणघेवाण इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाली एवढ्याच कारणाने करार अमान्य ठरत नाही.

गॅरंटी, नक्की, हमखास, खात्रीने, शंभर टक्के हे शब्द शोधून लगेच सापडतात. त्यांच्याखाली लाल रेघ ओढा. पण अर्धी वचनं या शब्दांशिवाय दिली जातात आणि ती सुटतात.

त्यातलं सगळ्यात लहान म्हणजे 'च'. 'सबसिडी जमा होईल' हे सांगणं आहे, 'सबसिडी जमा होईलच' हे वचन आहे. मराठी माणूस तो 'च' ऐकून निश्चिंत होतो, आणि लिहिणाऱ्याला तो लिहिल्याचं आठवतही नाही. माझ्या सहा महिन्यांच्या मेसेजमध्ये 'गॅरंटी'पेक्षा 'च' कितीतरी जास्त वेळा सापडला.

दुसरं म्हणजे 'काहीच', 'कधीच', 'सगळं', 'कुठलाही'. 'पॅनलना २५ वर्षं काहीच होत नाही' या वाक्यात गॅरंटी हा शब्द कुठेही नाही, पण त्याहून मोठी गॅरंटी कोणी देऊच शकणार नाही.

तिसरं आमच्या गावचं आहे. बडोद्यात आपण घरात मराठी बोलतो आणि ग्राहकाशी अर्धं गुजराती. गुजरातीतला 'चोक्कस', म्हणजे आपला 'नक्की', तोंडात इतका बसला आहे की साधा होकार द्यायलाही आपण तो वापरतो. 'थई जशे' तर दिवसातून पन्नास वेळा म्हणतो. म्हणणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ 'बघतो, काळजी नको' असा असतो, आणि ऐकणारा तारीख धरून बसतो. मराठीतलं 'होऊन जाईल' तसंच. वहीत हेही उतरवा.

चौथं म्हणजे एकटा आकडा. 'महिन्याला ३६० युनिट मिळतील.' शब्द सगळे साधे आहेत, पण एकच आकडा दिला की तो कमीत कमी आकडा म्हणून वाचला जातो.

प्रत्येक वाक्याला विचारा: हे कोणाच्या हातात आहे?

वहीत प्रत्येक वाक्यापुढे मी एक शब्द लिहिला: 'आपण', 'दुसरे' किंवा 'ऊन'. पॅनल कधी बसवायचे, वायरिंग कसं करायचं, तक्रार आल्यावर माणूस किती दिवसांत पाठवायचा, हे आपल्या हातात. वीज कंपनीची मंजुरी, नेट मीटर, सरकारी सबसिडी, पॅनल बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी हे दुसऱ्यांच्या हातात. किती युनिट तयार होतील ते उन्हाच्या हातात, आणि त्यातले किती घरात लागतील ते घरच्यांच्या.

ही वाटणी झाली की अर्धं काम झालं, कारण तिन्हींची भाषा वेगळी असते. आपल्या हातातलं असेल तर 'करू' लिहायचं, मुदत आणि चुकल्यास काय तेही लिहायचं. दुसऱ्याच्या हातातलं असेल तर तो दुसरा कोण आणि त्याने काय म्हटलं आहे ते लिहायचं, मग त्यात आपला वाटा काय तो लिहायचा. उन्हाच्या हातातलं असेल तर अंदाज, त्याचा आधार, आणि तो कशाने बदलतो.

माझ्या मेसेजमधलं 'बिल शून्यच येईल' हे वाक्य एका ठिकाणी बसेना. वीज किती तयार होईल ते ऊन ठरवणार, किती लागेल ते काका, बिलातला स्थिर आकार आणि जादा युनिटांचा हिशेब वीज कंपनी. आमच्या ऑफिसच्या हातात त्यातलं काहीच नव्हतं, आणि वचन मात्र आम्ही दिलं होतं. असं वाक्य दुरुस्त करत बसू नका. त्याचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा वेगळा लिहा.

अंदाजाला आधार शोधा, मगच शब्द

इथे बहुतेक जण घाई करतात. 'नक्की'च्या जागी 'अंदाजे' टाकलं की झालं असं वाटतं. पण 'अंदाजे ३६० युनिट' हा आकडा कुठून आला हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर शब्द नरम झाला आणि आकडा तितकाच हवेतला राहिला.

आमच्या धंद्यात वर्षाची सरासरी म्हणून एका किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट धरतात. म्हणजे ३ किलोवॅटला दिवसाला १२ आणि महिन्याला साधारण ३६०. हा आकडा चुकीचा नाही. पण तो वर्षाचा आहे, आणि ग्राहक तो जुलैत लावून बघतो. म्हणून मी आमच्याच बसवलेल्या ३ किलोवॅटच्या काही गच्च्यांचे इन्व्हर्टरच्या अ‍ॅपमधले महिनेवार आकडे काढले. त्यातून सावली पडणाऱ्या गच्च्या वेगळ्या केल्या, कारण शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीची सावली सकाळचे दोन तास जरी पडली तरी आकडा उतरतो. उरलेल्या गच्च्यांवर जुलै-ऑगस्टमध्ये महिन्याला २५० ते २८० युनिट आले होते आणि मार्च ते मे या काळात ४२० ते ४५०. वर्षाची सरासरी ३३० ते ३८० मध्ये बसत होती. काकांचे दोन महिन्यांचे ५४५ युनिट त्यात अगदी नेमके बसले. म्हणजे आम्हाला हे मार्चमध्येही सांगता आलं असतं.

दुसरा आधार ग्राहकाच्या घरात असतो: मागच्या १२ महिन्यांची वीजबिलं. एकच बिल बघून सांगू नका. काकांनी मला हिवाळ्यातलं एक बिल पाठवलं होतं आणि मी त्यावरूनच 'शून्य' म्हटलं. १२ महिन्यांची बिलं मागवली असती तर सरासरी ३४० दिसली असती, आणि बोलता बोलता एसीची गोष्टही निघाली असती.

आता लिहा: एकेक वाक्य

सगळ्यात अवघड होतं तेच आधी घेते. आधी होतं: 'बिल शून्यच येईल.' आता आमच्या कोटेशनमध्ये हे असतं:

"मागच्या १२ महिन्यांच्या बिलांप्रमाणे तुमचा वापर महिन्याला सरासरी ३४० युनिट आहे. ३ किलोवॅटच्या संचातून पावसाळ्यात महिन्याला २५० ते २८० आणि मार्च ते मे मध्ये ४२० ते ४५० युनिट मिळतील असा आमचा अंदाज आहे. वर्षाची सरासरी ३३० ते ३८०. हा अंदाज बडोद्यात आम्ही बसवलेल्या, सावली नसलेल्या गच्च्यांच्या नोंदींवरून काढला आहे. तुमचा वापर वाढला, उदाहरणार्थ नवा एसी घेतला, तर कमी पडणारे युनिट वीज कंपनीकडून येतील आणि त्यांचं बिल लागेल. जादा युनिटांचा हिशेब वीज कंपनीच्या त्या वेळच्या नियमांप्रमाणे होईल. स्थिर आकार प्रत्येक बिलात राहतो."

यात तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. कमी आकडा आधी आणि जास्त नंतर, कारण पहिला आकडा लक्षात राहतो. 'महिन्याला ४५० युनिटपर्यंत' असं लिहिलं असतं तर तेही खोटं नव्हतं, पण 'पर्यंत' हा शब्द वाचणारा गिळून टाकतो आणि ४५० घेऊन घरी जातो. दुसरं, अट बोलीतली आहे: 'नवा एसी घेतला तर'. 'वापराच्या स्वरूपात बदल झाल्यास' असं लिहिलं तर ते काकांनी वाचलं नसतं, आणि एसी घेताना त्यांना आठवलंही नसतं. तिसरं, अंदाज 'आमचा' आहे. 'अंदाज आहे' एवढंच लिहिलं तर तो कोणाचाच नसतो.

आता सबसिडी. आधी होतं: '३० दिवसांत जमा होईलच.' मी ते मनाने लिहिलं नव्हतं. पीएम सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर, pmsuryaghar.gov.in वर, ३० दिवस दिलेले आहेत. चूक दोन ठिकाणी होती. ते दिवस कधीपासून मोजायचे ते मी सांगितलं नाही, आणि दुसऱ्याचं बोलणं मी स्वतःचं वचन करून टाकलं. आता असं लिहितो:

"३ किलोवॅटला योजनेच्या सध्याच्या नियमाप्रमाणे ७८,००० रुपये सबसिडी आहे. ती सरकारकडून थेट तुमच्या बँक खात्यात येते, आमच्याकडून येत नाही. संच चालू झाल्याचा अहवाल झाल्यावर आणि बँकेचा तपशील भरल्यावर ३० दिवसांत जमा होते, असं पोर्टलवर म्हटलं आहे; ती तारीख आमच्या हातात नाही. आमचं काम: अर्ज भरण्याआधी वीजबिल आणि बँक खात्यावरची नावं जुळतात का ते तुमच्यासमोर तपासू, आणि अहवाल झाल्यापासून ५ दिवसांत तुमच्यासोबत बसून बँकेचा तपशील भरू."

शेवटचं वाक्य माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. 'तारीख आमच्या हातात नाही' एवढ्यावर थांबलो असतो तर ग्राहकाला वाटलं असतं, हे हात झटकत आहेत. दुसऱ्याच्या हातातली गोष्ट सांगताना आपला वाटा लगेच पुढे जोडायचा. आणि तो वाटा पक्का लिहायचा, कारण नावं तपासणं आणि ५ दिवसांत बसणं हे खरंच आमच्या हातात आहे. 'पाठपुरावा करू', 'पूर्ण प्रयत्न करू' हे मी काढून टाकलं. किती वेळा, काय करून, हे त्यात कळत नाही, आणि काम अडलं की ग्राहक म्हणतो तुम्ही प्रयत्नच केला नाही.

पॅनलच्या २५ वर्षांचं वाक्य तुलनेने सोपं निघालं, कारण कंपनीचं वॉरंटीचं पत्रक समोर होतं. लोक ज्याला '२५ वर्षांची गॅरंटी' म्हणतात ती बहुतेक वेळा कामगिरीची वॉरंटी असते: दरवर्षी थोडी क्षमता कमी होत जाईल, पण अमुक टक्क्यांच्या खाली जाणार नाही. पॅनलच्या बनावटीतल्या दोषाची वॉरंटी वेगळी, आणि बहुतेक वेळा त्याहून कमी वर्षांची. इन्व्हर्टरची आणखी वेगळी. आम्ही आता तिन्ही वेगळ्या ओळींत लिहितो, प्रत्येकीपुढे वॉरंटी देणाऱ्या कंपनीचं नाव आणि वर्षं, आणि पत्रकाची प्रत सोबत जोडतो. खाली एक ओळ: "दगड, पडलेली वस्तू किंवा पाय पडून फुटलेलं पॅनल या वॉरंटीत येत नाही." बडोद्यात ही ओळ उत्तरायणासाठी लागते. १४ जानेवारीला अख्खं घर, पाहुण्यांसकट, गच्चीवर असतं आणि पतंगामागे धावताना पॅनल दिसत नाही.

जिथे वचन द्यायचं तिथे पूर्ण द्या

सगळी वचनं काढून टाकली तर कोटेशन भित्र्या माणसाचं वाटतं, आणि ग्राहक 'शंभर टक्के' म्हणणाऱ्या शेजारच्या दुकानात जातो. म्हणून ज्या वाक्यांपुढे मी 'आपण' लिहिलं होतं, ती मी उलट जास्त घट्ट केली.

आधी होतं: '१५ दिवसांत काम नक्की पूर्ण.' कशापासून १५ दिवस? आणि काम म्हणजे पॅनल बसवणं, की मीटर लागून वीज सुरू होणं? आता: "वीज कंपनीची मंजुरी आणि तुमचा पहिला हप्ता, यांतलं जे नंतर होईल त्या तारखेपासून ७ कामाच्या दिवसांत पॅनल, इन्व्हर्टर आणि वायरिंग पूर्ण करू. आमच्याकडून उशीर झाला तर दर दिवसाला ३०० रुपये शेवटच्या हप्त्यातून कमी करू. नेट मीटर वीज कंपनी लावते. त्याची तारीख यात धरलेली नाही." हे खरं वचन आहे. सुरुवात कळते, शेवट कळतो, चुकलं तर काय तेही कळतं. दंडाची ओळ घालायला मालक आधी तयार नव्हते. मी वहीतल्या मागच्या वर्षीच्या तारखा काढून दाखवल्या, किती कामं ७ दिवसांत झाली होती ते. जे तुम्ही बहुतेक वेळा पाळताच, तेवढंच वचन द्या, आणि ते पाळता हे नोंदीवरून बघा.

'गच्ची गळणार नाही, गॅरंटी' हे वाक्य तर फार जुन्या गच्च्यांवरही आम्ही देत होतो. रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या काही गच्च्या आम्ही चढायच्या आधीपासून गळत असतात. आता: "पॅनलच्या स्टँडचे पाय रोवण्यासाठी आम्ही जिथे भोक पाडतो, त्या जागेवरून २ वर्षांत गळती झाली तर आम्ही विनामूल्य दुरुस्त करू. काम सुरू करण्याआधी गच्चीचे फोटो दोघांनी मिळून काढायचे; त्यात दिसणाऱ्या जुन्या भेगांची जबाबदारी आमची नाही." फोटोंशिवाय हे वाक्य लिहू नका. अट तपासायची सोय नसेल तर ती अट नुसती भांडण पुढे ढकलते.

'अटी लागू' वर विसंबू नका

आमच्या जुन्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत 'वीजबिल शून्य!' होतं आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत 'अटी लागू'. बऱ्याच जणांना वाटतं की एवढं लिहिलं की सुटलो. तसं नाही. केंद्र सरकारच्या २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खुलासा मुख्य दाव्याच्या उलट बोलू शकत नाही, महत्त्वाची माहिती लपवायला वापरता येत नाही, आणि तो दाव्याच्याच भाषेत असायला हवा. म्हणजे वर गुजरातीत मोठा दावा आणि खाली इंग्रजीत बारीक अटी, हे चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये, पुरेशा चाचणीचा आधार नसताना वस्तूच्या कामगिरीची किंवा आयुष्याची हमी देणं हे अनुचित व्यापार प्रथेत मोडतं, आणि खोटी हमी देणारी जाहिरात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत. आमच्यासारख्या छोट्या ऑफिसाला यातून घ्यायची गोष्ट साधी आहे: अट ज्या वाक्याची आहे, त्याच वाक्यात, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहा. अट जोडल्यावर वाक्य दाव्यासारखं वाटतच नसेल, तर तो दावा करू नका. आमच्या पत्रकावर आता 'वीजबिल शून्य' नाही. त्या जागी 'तुमच्या १२ बिलांवरून बचतीचा हिशेब करून देतो' असं आहे, आणि तो हिशेब आम्ही खरंच करून देतो. (मोठ्या सोसायटीचा किंवा कारखान्याचा करार असेल तर मजकूर वकिलाच्या नजरेखालून घालायलाच हवा. हा लेख त्याची जागा घेत नाही.)

उलट्या बाजूला घसरू नका

पहिल्या मसुद्यात मी स्वतःच घसरले. एका परिच्छेदात 'अंदाजे', 'शक्यतो', 'साधारणपणे' आणि 'होऊ शकतं' मिळून नऊ वेळा आले. मालक वाचून म्हणाले, "अगं, पॅनल तरी बसवणार ना आपण?"

ते तपासायला सोपा मार्ग आहे. असा प्रत्येक शब्द पुसून वाक्य वाचा. अर्थ तोच राहिला तर शब्द नुसता भीतीपोटी आला होता, तो काढा. 'आम्ही साधारणपणे तांब्याची केबल वापरतो' या वाक्यातून 'साधारणपणे' काढला तर काही बिघडतं का? आपण नेहमी तीच वापरत असू तर काढून टाका. कधी दुसरी वापरत असू तर कधी आणि कोणती ते लिहा. दोन्हींत 'साधारणपणे' राहत नाही. 'अंदाज' हा शब्द आमच्या कोटेशनमध्ये आता फक्त युनिटांच्या परिच्छेदात आहे, आणि एकाच ठिकाणी असल्यामुळे तो वाचला जातो.

दुसरी तपासणी मी प्रत्येक नव्या मजकुरावर करते. ऑगस्टमध्ये चिडलेला ग्राहक समोर बसला आहे आणि माझंच वाक्य मोठ्याने वाचून दाखवतो आहे असं समजते. 'तुम्ही म्हणाला होतात की...' या शब्दांपुढे माझं वाक्य जसंच्या तसं जोडते. त्यावर मी 'हो, तसंच म्हणाले होते, आणि तसंच झालं' असं म्हणू शकले तर वाक्य राहतं. 'अहो, माझा अर्थ तसा नव्हता' असं म्हणावं लागणार असेल तर वाक्य बदलायचं.

तोंडी आणि मेसेजमध्ये तेच बोला

कोटेशन कितीही नीट लिहा, गच्चीवर माप घ्यायला गेलेला मुलगा जर 'काका, चोक्कस शून्य' म्हणाला तर ग्राहकाला तेच आठवतं. म्हणून आम्ही चार उत्तरं ठरवून सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ठेवली आहेत. 'बिल शून्य येईल ना?' याचं: "तुमची १२ बिलं द्या, आकडे काढून लिहून देतो." 'सबसिडी कधी येईल?' याचं: "ती सरकारकडून येते. आमच्याकडचं काम अहवालानंतर ५ दिवसांत करू." लहान आहेत, जेवताना एका हाताने पाठवता येतात, आणि कोटेशनमधल्या मजकुराशी जुळतात. होकार द्यायचा असेल तर नुसतं 'हो' लिहायचं, 'नक्की' जोडायचा नाही.

वचन आधीच देऊन झालं असेल तर

ग्राहकाने अजून होकार दिला नसेल तर सुधारलेलं कोटेशन पाठवा, पण गुपचूप नाही. जुनं कोणतं वाक्य बदललं ते नाव घेऊन सांगा आणि उत्तर मागा. पैसे दिले गेले असतील आणि काम झालं असेल, तर नव्या मेसेजने जुनं वचन पुसलं जात नाही. तिथे समोरासमोर बसून हिशेब करावा लागतो, जसा आम्ही काकांच्या २७५ युनिटांचा केला.

मला त्या काळात अशा सात जणांना लिहावं लागलं ज्यांनी अजून पैसे भरले नव्हते. त्यातला एक मेसेज:

"नमस्कार काकू. १२ तारखेच्या मेसेजमध्ये मी 'बिल शून्य येईल' असं लिहिलं होतं. ते बरोबर नव्हतं, म्हणून बदलते आहे. तुमच्या बिलांप्रमाणे तुमचा वापर महिन्याला सरासरी ३१० युनिट आहे. पावसाळ्यात ३ किलोवॅटमधून २५० ते २८० युनिट येतील असा आमचा अंदाज आहे, म्हणजे त्या महिन्यांत थोडं बिल येईल. स्थिर आकार नेहमी राहील. सुधारलेलं कोटेशन सोबत आहे. वाचून, चालेल की नाही ते कळवा."

सातांपैकी एकाने काम रद्द केलं. या काकूंचं उत्तर रात्री आलं: "दिवाळीनंतर सुनेच्या खोलीत एसी घ्यायचाय. मग ४ किलोवॅट घेऊ का? सबसिडी वाढेल का?"

मी बिलं पुन्हा काढली, एसीचा वापर धरून आकडे मांडले आणि लिहिलं: "एसी धरला तर ४ किलोवॅट घेणं बरं पडेल, आकडे सोबत पाठवते. पण सबसिडी सध्याच्या नियमाप्रमाणे ७८,०००च राहील."

तो 'च' मी पाठवण्याआधी दोनदा वाचला आणि राहू दिला. ३ किलोवॅटच्या वर योजनेत रक्कम वाढत नाही.